सहा मुलं, आठ विहिरी आणि एक शीट : नववीच्या ग्रुप प्रोजेक्टची कामवाटणी

रत्नागिरी तालुक्यात काजळी नदीच्या खाडीकाठावरच्या एका गावात मी विज्ञान शिकवते. नववीला जलसुरक्षा विषय आहे, त्यात प्रकल्प करायचा असतो. गेल्या वर्षी सहा जणांच्या एका ग्रुपने विषय घेतला "आपल्या गावातल्या विहिरी खाडीजवळ कुठपर्यंत मचूळ होतात", आणि त्यांचं काम कसं वाटलं, कुठे अडलं, कुठे सापडलं ते सगळं इथे लिहितेय, कारण ग्रुप प्रोजेक्टमध्ये नेमकं काय बिघडतं आणि ते वेळेत कसं दिसतं हे या एका प्रकरणात फार स्वच्छ दिसलं. मुलांची नावं देत नाही, कामावरून ओळखा.

नेहमी काय होतं ते सगळ्यांना माहितीये. ज्याचं अक्षर चांगलं तो लिहितो, जो चित्र काढतो तो शेवटच्या दिवशी मुखपृष्ठ रंगवतो, हुशार मुलगी बाकी सगळं करते आणि उरलेले तिघं "आम्ही सामान आणलं" म्हणतात. याला लोक क्षमतेनुसार वाटणी म्हणतात पण ही क्षमतेनुसार नाही, ही मार्कांनुसार वाटणी आहे, कारण कोणाला काय येतं हे कोणी विचारलेलंच नसतं.

म्हणून आधी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली, तीन प्रश्न. घरी कोणतं काम तुलाच सांगतात कारण तू ते नीट करतोस? वर्गातली मुलं तुझ्याकडे काय विचारायला येतात? आणि कोणतं काम अजिबात नको? पहिल्या प्रश्नाने सगळ्यात जास्त कळलं. एका मुलाचे वडील होडीवर जातात, मराठीत काठावर पास, पण त्याने लिहिलं "भरती कधी आहे ते आजोबा मला विचारतात". एक मुलगी वर्गात बोलतच नाही, तिने लिहिलं की घरी रतिबाच्या दुधाचा हिशोब तीच ठेवते आणि महिनाअखेरीला कोणाशी वाद झाला की तिची वही काढतात. मी तिला दोन वर्षं शिकवत होते, पेपरवरून हे कधीच कळलं नसतं. तिला मी इथे वहीवाली म्हणेन, त्याला होडीवाला. बाकीचे चार म्हणजे गणितवाली (वर्गात पहिली येणारी), नकाशावाला (चित्र छान), फोनवाला (चुलतभावाच्या मोबाइलच्या दुकानात बसतो, शीट वगैरे पटकन जमतं), आणि बोलकी, जिला खालच्या वाडीपासून वरच्या वाडीपर्यंत प्रत्येक घरातली काकी ओळखते.

मग कामं. इथे एक गोष्ट पक्की केली की काम म्हणजे "माहिती गोळा करणे" असलं काही नाही, काम म्हणजे अशी वस्तू जी हातात देता येईल. "विहिरींना नंबर टाकलेला नकाशा" हे काम. "आठ घरांची परवानगी, कोण कधी घरी असतं त्यासकट" हे काम. "पहिल्या फेरीची आकड्यांची वही" हे काम. अशी चौदा कामं निघाली आणि प्रत्येकापुढे लिहिलं की हे झालं की कोणाच्या हातात जाणार. हे लिहिल्यावर लगेच एक गंमत दिसली ती म्हणजे नकाशा सगळ्यात शेवटी नाही, सगळ्यात आधी लागतो, कारण विहिरींना नंबर दिल्याशिवाय मोजणारे कुठल्या विहिरीवर गेले तेच कळणार नाही. म्हणजे चित्रवाला मुलगा जो दरवर्षी सजावटीला शेवटी बोलावला जायचा तो यावेळी पहिल्या आठवड्यातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस झाला. त्याने वरच्या जांभ्याच्या सड्याकडून खाली खाडीपर्यंत १ ते ८ नंबर दिले, प्रत्येक विहीर खाडीच्या बांधापासून किती पावलं तेही चालून मोजलं.

गणितवालीला सगळंच जमत होतं आणि सगळे तिच्याकडेच बघत होते. तिथे नियम केला की एका जणाकडे मुख्य कामं जास्तीत जास्त तीन, आणि प्रत्येक कामाला एक जोडीदार, जो ते काम पूर्ण बघतो आणि गरज पडली तर पुढे नेऊ शकतो. तिच्याकडे आलेख आला, सरासरी आली आणि शेवटचा निष्कर्ष आला, बास. आलेखाला जोडीदार होडीवाला दिला. ती म्हणाली, "बाई, त्याला आलेख येत नाही." म्हटलं म्हणूनच, तू काढशील आणि तो तुला विचारेल हा ठिपका इथे का. वहीवालीला दोनच कामं होती पण वेळ जास्त खाणारी, दोन्ही फेऱ्यांच्या वह्या तपासणं आणि शीट सांभाळणं. वाटणी समान आहे की नाही ते कामांच्या संख्येवरून बघू नका, परवानग्या एका संध्याकाळी होतात आणि अहवाल लिहायला चार संध्याकाळी लागतात. दोन कामं कोणालाच नको होती, अहवाल लिहिणं आणि दुसऱ्यांदा मोजायला जाणं. अहवाल असा तोडला की प्रत्येकाने आपल्या कामाचं अर्धं पान लिहायचं आणि बोलकीने ते एका भाषेत आणायचं. दुसरी फेरी सरळ पहिल्या फेरीच्या जोडीलाच दिली, कारण मोजणारा हात बदलला की आकडे बदलायची भीती असते.

आता शीट. साधी गूगल शीट, फोनवाल्याने केली. रकाने एवढेच: काम, मुख्य, जोडीदार, कोणाला द्यायचं, तारीख, काय दाखवलं की झालं, स्थिती, आणि शेवटी अडलंय तर कशामुळे. स्थितीत चारच शब्द निवडता येतात अशी यादी लावली: बाकी, चालू, अडलंय, दिलं. "झालं" हा शब्द मुद्दाम ठेवला नाही. "झालंय बाई, फक्त फेअर करायचंय" हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा शिक्षक नसेल, आणि त्या "फक्त" मध्ये आठवडा जातो. "दिलं" म्हणायचं तर पुढच्या माणसाच्या हातात वस्तू पोचलेली असायला हवी आणि "दिलं" हे ज्याला मिळालं तो टाकतो, ज्याने केलं तो नाही. हा एक बदल केला की शीट खोटं बोलायची बंद होते.

तारीख उलटून गेलेली ओळ आपोआप लाल व्हावी म्हणून Conditional formatting मध्ये Custom formula टाकला. तारीख E मध्ये आणि स्थिती G मध्ये होती, ओळी दुसऱ्या रांगेपासून, म्हणून असा:

```
=AND($E2<>"",$E2<TODAY(),$G2<>"दिलं")
```

एक काळजी घ्या, तारीख खरी तारीख म्हणून टाइप झाली पाहिजे, "पुढचा शनिवार" असं कोणी लिहिलं तर ती ओळ कधीच लाल होणार नाही आणि वाटेल सगळं सुरळीत आहे.

खालच्या वाडीत रेंज नाही आणि घरात फोन एकच, तोही संध्याकाळी वडील आले की. त्यामुळे वहीवाली रोज पहिल्या तासाआधी फळ्याच्या कोपऱ्यात फक्त उघड्या ओळी लिहायची, काम आणि नाव एवढंच, आणि ज्यांना शीट उघडता येत नाही ते तिला सांगायचे, ती घरी जाऊन टाकायची. दोन ठिकाणी वेगळं दिसलं तर शीट खरी धरायची हे आधीच ठरलेलं होतं, नाहीतर भांडणं होतात.

चेकपॉइंट चार होते आणि ते दर सोमवारी वगैरे नव्हते, काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं तिथे होते. पहिला नकाशा आणि परवानग्या आल्यावर. दुसरा तीन विहिरींची फक्त रंगीत तालीम झाल्यावर. तिसरा पहिल्या फेरीचे सगळे आकडे आणि घरच्यांनी सांगितलेली माहिती शेजारी शेजारी ठेवून. चौथा कच्चा अहवाल, तो लिहिणाऱ्याने नाही तर दुसऱ्याने मोठ्याने वाचायचा. पहिला दहा मिनिटांत संपला. दुसऱ्यात होडीवाला आणि फोनवाला शाळेच्या, खिशात मावणाऱ्या आणि पाण्यात किती काय विरघळलंय ते मोजणाऱ्या टीडीएस मीटरने विहीर १, २ आणि ३ चे आकडे घेऊन आले, ७४, ८१, ११०, जांभ्यातल्या विहिरींना शोभतील असे, दोनदा मोजलं तर तेच आले, सगळे खूश. पुढे जा म्हटलं.

त्याच बैठकीत होडीवाल्याने एक गोष्ट काढली जिच्यामुळे शीटमधली तारीखच बदलली. पहिली फेरी संकष्टीच्या रविवारी सकाळी नऊला होती आणि दुसरी फेरी पुढच्या रविवारी, त्याच वेळी, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. तो म्हणाला, पुढच्या रविवारी नऊला खाडी भरलेली असणार. गणितवालीने विचारलं कशावरून. त्याने आजोबांचा हिशोब फळ्यावर मांडला, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनला आणि ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी, सकाळी नऊला. पुढच्या रविवारी एकादशी, अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे नऊला जवळजवळ पूर्ण भरती. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, सात दिवसांत ती जवळजवळ सहा तास सरकते, म्हणून दर आठवड्याला तोच वार आणि तीच वेळ धरली की एकदा ओहोटी आणि एकदा भरती मिळते. खाडीकाठच्या विहिरीत फरक दिसला तर तो दिवसांमुळे की भरतीमुळे हे सांगता आलं नसतं. पंधरवड्याने मात्र तिथी परत तीच येते. म्हणून दुसरी फेरी शुक्ल चतुर्थीला नेली, तो निघाला माघी गणपतीचा दिवस, पण बोलकीने सगळ्या घरांना आधीच सांगून ठेवलं की आरतीच्या आत आम्ही जाऊ. मराठीत काठावर पास होणाऱ्या मुलाने प्रकल्पाची रचनाच सुधारली आणि हे त्याला काम वाटताना चिठ्ठीत विचारलं म्हणून झालं.

पहिली फेरी झाली, आकडे शीटमध्ये आले, गणितवालीने आलेख काढला. विहीर ४ ला १४०, ५ ला २१०, ६ ला ३९०, छान चढत गेलेली रेघ, आणि मग ७ ला १३४ आणि ८ ला २१२. खाडीच्या अगदी काठावरच्या दोन विहिरी अचानक गोड्या. ग्रुपने कारणही शोधून ठेवलं होतं, खाली गोड्या पाण्याचा झरा लागत असेल, गणितवालीने तसं वाक्यही लिहून टाकलेलं. खरं सांगते, हे वाक्य कुठल्याही प्रकल्प वहीत असतं तर कोणीही टिक करून पुढे गेलं असतं, ऐकायला पटणारं आहे.

तिसऱ्या चेकपॉइंटला मात्र बोलकीची पानं आणि आकड्यांची वही बाकावर शेजारी होती. वहीवालीने एकेक विहीर बोटाने जुळवायला घेतली, तिची ती पद्धतच आहे. विहीर ७, आकडा १३४. बोलकीच्या पानावर त्याच घरातल्या आजीचं वाक्य: "पौषापासून मचूळ लागतं, प्यायला नळाचं आणतो." विहीर ८, आकडा २१२, आणि पानावर: "कपड्याला साबण फेसत नाही." वहीवाली हळूच म्हणाली, "बाई, विहीर ५ पण २१०च आहे, तिथे साबण फेसतो." एवढंच. त्यावर कोणी काही बोललं नाही थोडा वेळ, मग होडीवाला म्हणाला ७ चं पाणी त्याने चाखलंय, ते गोड नाहीच.

दुपारच्या सुट्टीत होडीवाला आणि फोनवाला मीटर घेऊन विहीर ७ वर गेले, ती शाळेच्या खालीच आहे. पोहऱ्यातलं पाणी भांड्यात घेतलं, मीटर बुडवला, आकडा १३४. आणि आकड्याच्या बाजूला कोपऱ्यात बारीक अक्षरात x10. या प्रकारच्या स्वस्त मीटरला तीनच आकडे दाखवता येतात, हजाराच्या वर गेलं की तो शेवटचा आकडा गाळतो आणि x10 दाखवतो, म्हणजे १३४ नाही, १३४०. विहीर ८ म्हणजे २१२०. आलेख परत काढला तर रेघ ६ नंतर एकदम उभी चढली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत ठीक धरतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, म्हणजे चुकीच्या आकड्याने जी विहीर ८ अगदी उत्तम ठरत होती ती प्रत्यक्षात शेवटच्या मर्यादेच्याही बाहेर होती. अहवालात हे उलटं गेलं असतं.

आकडे लिहिणाऱ्या फोनवाल्यावर कोणी ओरडलं नाही, आणि ओरडण्यासारखं काही नव्हतंही. तालमीच्या तीनही विहिरी सड्याकडच्या होत्या, तिथे हजार ओलांडायचा प्रश्नच नव्हता, मग x10 दिसणार कुठून? तालीम सोप्या टोकावर घेतली गेली हे खरं कारण. रंगीत तालमीत दोन्ही टोकं पाहिजेत, सगळ्यात गोडी विहीर आणि सगळ्यात खारी. शीटमध्ये त्या दोन ओळींवर "दिलं" चं परत "अडलंय" केलं, कारण लिहिलं "x10 बघितला नाही", आणि वहीत आकड्याशेजारी x10 साठी एक वेगळा रकाना आखला ज्यात प्रत्येक वेळी हो किंवा नाही लिहायचंच.

दुसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी फोनवाल्याला ताप आला. ही अशी जागा आहे जिथे बहुतेक ग्रुप कोसळतात, दोन दिवस कोणीच काही करत नाही आणि मग मला सांगायला येतात. इथे जोडीदाराचा रकाना होता, शीट सांभाळायचं काम तो आणि वहीवाली मिळून बघत होतेच, ती होडीवाल्याबरोबर गेली. मोजणारा हात बदलू नये हे ठरलेलं होतं, पण मीटर होडीवालाच धरत होता, फक्त लिहिणारा बदलला. तिने विहीर ६ समोर शेऱ्यात लिहिलं, "गणपतीसाठी पाहुणे, काल रात्रीपासून पंप चालू." त्या दिवशी ६ चा आकडा ३९० वरून ५२० वर गेला होता. समुद्रकाठच्या विहिरीतून जास्त उपसा केला की खालून खारं पाणी ओढलं जातं, हे पुस्तकात आहे. पण एका दिवसाच्या एका आकड्यावरून तेच कारण असं म्हणता येत नाही, आणि गणितवालीने या वेळी निष्कर्षात "पंपामुळे असू शकतं, परत मोजायला हवं" एवढंच लिहिलं. झऱ्याच्या वाक्यानंतर तिच्यात पडलेला हा फरक मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

चौथ्या चेकपॉइंटला अहवाल वाचला नकाशावाल्याने. आकड्यांच्या पानावर तो थांबला आणि विचारलं, टीडीएस म्हणजे मीठच का? नाही, पाण्यात विरघळलेलं सगळंच, मीटर खारेपणाचा अंदाज देतो, पाणी पिण्यालायक आहे की नाही ते हा मीटर सांगत नाही, जंतू तर त्याला दिसतच नाहीत. हे वाक्य अहवालात नव्हतं कारण लिहिणाऱ्याला ते माहीत होतं म्हणून लिहायचं सुचलं नाही. परक्या माणसाने वाचलं की अशी भोकं दिसतात, म्हणूनच लिहिणाऱ्याला वाचू द्यायचं नाही.

या पद्धतीची मर्यादा पण आहे. ज्याला जे येतं तेच दिलं तर तो तेच करत राहतो, नकाशावाला नकाशाच काढेल आणि आलेखाला घाबरतच राहील. जोडीदारामुळे हे थोडं सुटतं, पूर्ण नाही. म्हणून श्रेणी ठरवताना प्रत्येकाचं स्वतःचं काम वेगळं बघितलं आणि तोंडी प्रश्न मात्र दुसऱ्याच्या कामावर विचारले, हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवलेलं होतं. बोलकीला विचारलं दुसरी फेरी पंधरवड्याने का, तिने तिथीची पाऊणपट करून दाखवली. होडीवाल्याला विचारलं आलेख ६ नंतर उभा का चढतो. गणितवाली परवानगीच्या प्रश्नाला अडखळली, कोणत्या घराने आधी नाही म्हटलं होतं ते तिला माहीत नव्हतं, तिथे तिची श्रेणी थोडी कमी झाली आणि तिला ते पटलं. आणि शीट आळशी मुलाला कामाला लावत नाही, तेवढं तिच्याकडून मागू नका, ती फक्त कोण कशाची वाट बघतंय ते दाखवते, पुढे जाऊन बोलावं माणसालाच लागतं.

यंदाच्या नववीला तीच शीट रिकामी करून दिलीये. दोन बदल केलेत, दुसऱ्या चेकपॉइंटच्या ओळीत "दोन्ही टोकांची विहीर" असं लिहिलंय, आणि आकड्यांच्या टॅबमध्ये x10 चा रकाना भरल्याशिवाय वहीवालीच्या जागी जो कोणी असेल त्याने "दिलं" टाकायचं नाही.